आंब्याच्या मोसमात काय थांबवावे, काय खेपेने करावे: एपीआयच्या बदललेल्या दरांचा तुलनात्मक आढावा

पावस, गणपतीपुळे, देवगड या पट्ट्यात वाशीच्या बाजाराऐवजी थेट ग्राहकाच्या घरी पेटी पाठवणाऱ्या बागायतदारांपैकी अनेकांनी ऑर्डर नोंदवण्यापासून पार्सल पोचल्याचे कळवण्यापर्यंतची कामे गुगल शीट, एखादी जोडणी करून देणारी सेवा आणि व्हॉट्सॲप यांच्यावर सोपवलेली आहेत. ही जुळणी झाली त्या वेळी बहुतेक सेवा फुकट किंवा फुकटात जमा होत्या. नंतर या सेवांच्या एपीआयची, म्हणजे एका सेवेने दुसरीशी परस्पर बोलण्याच्या सोयीची, दरपत्रके बदलली. गुगल मॅप्सने 1 मार्च 2025 पासून दरमहा 200 डॉलरची एकत्रित सूट बंद करून प्रत्येक सेवेला स्वतंत्र मोफत मर्यादा लावली, व्हॉट्सॲपने 1 जुलै 2025 पासून संभाषणामागे पैसे घेण्याऐवजी प्रत्येक संदेशामागे घ्यायला सुरुवात केली, आणि मेक या जोडणी-सेवेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑपरेशनऐवजी क्रेडिट मोजायला घेतले.

अशा वेळी समोर तीन वाटा असतात: वरचा प्लॅन घ्यावा, कामे एकत्र करून खेपेने करावीत, किंवा काही कामे बंद करावीत. यांपैकी कोणती वाट बरी, हे काम किती महत्त्वाचे आहे एवढ्यावरून ठरत नाही. त्या कामाचे मीटर नेमके काय मोजते, यावर ते अधिक अवलंबून असते. मीटर विनंती मोजत असेल तर खेपेने काम केल्यास मोठी बचत होते. मीटर नग मोजत असेल तर खेपेने केल्याने एक पैसाही वाचत नाही. आणि एका ठिकाणी तर खेपेची वाट पाहिल्यामुळेच बिल लागू होते. हा फरक उलगडण्यासाठी पुढील आढाव्यात एकच उदाहरण धरले आहे. समजा, एका बागायतदाराला मे महिन्यात 1,500 ऑर्डर येतात, म्हणजे दिवसाला साधारण 50, आणि पार्सल पोचायला तीन दिवस लागतात. त्यामुळे कोणत्याही क्षणी साधारण 150 पेट्या वाटेत असतात.

एकच काम, तीन मीटर

ऑर्डर आली की तीन गोष्टी होतात असे धरू: ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पोच जाते, पेट्या भरणाऱ्या माणसाला ईमेल जातो आणि पॅकिंगच्या शीटमध्ये एक ओळ भरली जाते. हे काम झेपियर, मेक आणि n8n या तिन्ही जोडणी-सेवांत सारखेच दिसते, पण मोजणी तिन्हींची वेगळी आहे. झेपियर यशस्वी झालेली प्रत्येक कृती एक टास्क म्हणून मोजते. नवीन ऑर्डर आहे का हे पाहण्यासाठी ती किती वेळा डोकावली, हे मोजत नाही. मेकमध्ये प्रत्येक मॉड्यूल, म्हणजे कामाची एकेक पायरी, चालले की साधारण एक क्रेडिट जाते, आणि डोकावून काहीच सापडले नाही तरी ते डोकावणेही मोजले जाते. n8n ची क्लाउड सेवा सुरुवातीपासून शेवटपर्यंतची अख्खी फेरी एक एक्झिक्युशन धरते, मग तिच्यात पायऱ्या तीन असोत की तेरा.

| कामाची पद्धत (महिन्याला 1,500 ऑर्डर) | झेपियर: टास्क | मेक: क्रेडिट | n8n: एक्झिक्युशन |
|---|---|---|---|
| ऑर्डर येताच तिन्ही कृती (मेकमध्ये दर 15 मिनिटांनी तपासणी) | 4,500 | 7,380 | 1,500 |
| ईमेल आणि शीटची ओळ काढून, फक्त पोच | 1,500 | 4,380 | 1,500 |
| फक्त पोच, तीही तासातून एकदा | 1,500 | 2,220 | 720 |

n8n च्या पहिल्या दोन ओळींत प्रत्येक ऑर्डरमागे एक स्वतंत्र फेरी धरली आहे. मेकच्या पहिल्या आकड्यातील 2,880 क्रेडिट दर 15 मिनिटांनी होणाऱ्या तपासणीचेच आहेत: दिवसाला 96 गुणिले 30. मेकच्या मोफत प्लॅनमध्ये महिन्याला 1,000 मिळतात, म्हणजे एकही ऑर्डर आली नाही तरी निव्वळ डोकावण्यात ते अकराव्या दिवशी संपतील. पावसाळ्यात, बागेत शेवटची कैरीदेखील उरलेली नसताना, हा प्रवाह चालूच ठेवणारे लोक आहेत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो हाताने बंद करणे ही या साऱ्या आढाव्यातली सर्वात सोपी कपात आहे.

तक्ता आडवा वाचला तर निर्णय बदलतो. झेपियर वापरणाऱ्याने पायऱ्या कमी कराव्यात, कारण तपासणीची वारंवारता घटवून त्याचा काहीच फायदा होत नाही. मेक वापरणाऱ्याने दोन्ही कराव्यात. n8n वापरणाऱ्याने पायऱ्या छाटण्यात वेळ घालवू नये, फेऱ्या कमी कराव्यात. पॅकिंगचा ईमेल आणि वेगळी ओळ मात्र मला तिन्ही ठिकाणी अनावश्यक वाटते. मूळ ऑर्डरच्या शीटमध्येच FILTER सूत्राने आजच्या पेट्यांची यादी वेगळ्या टॅबवर दिसते, आणि सूत्राला कोणताही कोटा लागत नाही. पेट्या भरणारा माणूस तसाही ईमेल उघडत नाही, तो मोबाइलवर शीटच पाहतो.

n8n स्वतःच्या संगणकावर बसवली तर एक्झिक्युशनची मर्यादाच राहत नाही, हे खरे आहे. पण किनाऱ्यावर मे अखेरच्या वळवाच्या पावसात लाइट किती वेळा जाते हे येथे सांगायला नको. मांगरातल्या संगणकावर ऑर्डरचा प्रवाह ठेवण्यापेक्षा भाड्याचा छोटा सर्व्हर घ्यावा, आणि तो अद्ययावत ठेवणारे माणूस घरात नसेल तर हा पर्याय सोडून द्यावा.

पार्सलचा मागोवा: कोटा येथे संपतो

बहुतेक ठिकाणी कोट्याचा सर्वात मोठा वाटा खाणारे काम म्हणजे वाटेतल्या पेट्यांचा मागोवा. सर्वसाधारण मांडणी अशी असते की गुगल शीटला जोडलेल्या ॲप्स स्क्रिप्ट या प्रोग्रामातला ट्रिगर, म्हणजे ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप सुरू करणारी सोय, दर 15 मिनिटांनी चालतो, शीटमधल्या प्रत्येक खुल्या पार्सलसाठी कुरिअरच्या एपीआयला एक विनंती करतो आणि उत्तर स्थितीच्या रकान्यात लिहितो. 150 पार्सल गुणिले 96 फेऱ्या म्हणजे दिवसाला 14,400 विनंत्या. साध्या जीमेल खात्याला बाहेरच्या विनंत्यांचा रोजचा कोटा 20,000 असतो, त्यामुळे कागदावर हे आरामात बसते.

प्रत्यक्षात ते बसत नाही, कारण आधी आडवी येते ती दुसरीच मर्यादा. साध्या खात्याला ट्रिगरवर चालणाऱ्या सर्व स्क्रिप्टना मिळून दिवसाला 90 मिनिटांचा वेळ मिळतो. एका विनंतीला 0.4 सेकंद धरला तर 150 विनंत्यांना एक मिनिट लागते, आणि 96 फेऱ्यांना 96 मिनिटे. विनंत्यांचा कोटा शिल्लक असतानाच वेळ संपतो. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात खुली पार्सले 220 वर गेली तर 21,120 विनंत्या होऊन तो कोटाही ओलांडला जातो. दोन्हींचे संदेश वेगळे असतात आणि ते ॲप्स स्क्रिप्टच्या Executions पानावर नापास फेऱ्यांसमोर दिसतात:

```
Service using too much computer time for one day
Service invoked too many times for one day: urlfetch.
```

पहिला संदेश दिसला तर वेळ कमी पडला आहे, दुसरा दिसला तर विनंत्या जास्त झाल्या आहेत. हे पान न उघडताही खूण ओळखता येते: स्थितीचा रकाना दुपारपर्यंत बदलत राहतो, संध्याकाळी गोठतो आणि दुसऱ्या दिवशी काहीही न करता पुन्हा चालू होतो. कोटा पहिल्या विनंतीनंतर 24 तासांनी नव्याने मिळतो, म्हणून असे होते. त्यात वाईट गोष्ट अशी की हे कोटे खात्याचे असतात, एकेका स्क्रिप्टचे नसतात; मागोव्याने दिवसाचा वेळ खाल्ला की त्याच खात्यावर ट्रिगरने चालणारी ऑर्डरची स्क्रिप्टही बंद पडते. बिनमहत्त्वाचे काम महत्त्वाच्या कामाला घेऊन बुडते ते असे.

आता मागोव्यापुरत्या तीन वाटांची तुलना करू. वरचा प्लॅन म्हणजे गुगल वर्कस्पेसचे एक सशुल्क खाते. त्यात बाहेरच्या विनंत्या दिवसाला 1,00,000 आणि ट्रिगरचा वेळ 6 तास होतो. अडचण सुटते, पण महिन्याचा खर्च कायमचा लागतो आणि कुरिअरच्या सर्व्हरने त्याच्या बाजूची मर्यादा लावली असेल तर ‘विनंत्या फार झाल्या’ असे सांगणारा `429` हा कोड मिळून काम तरीही अडते.

दुसरी वाट म्हणजे फेऱ्या कमी करणे. पेटीच्या मागोव्याचा खरा उपयोग कशासाठी आहे हे विचारले तर उत्तर एकच येते: एखादी पेटी कुठल्या गोदामात उन्हात अडकून पडली असेल तर ती सडण्याआधी फोन करता यावा. हापूसला एक दिवस उशीर चालतो, तीन दिवस चालत नाही. पंधरा मिनिटांनी मात्र काहीच बिघडत नाही. रात्रीची गाडी पोचल्यानंतर सकाळी, दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा तपासले तर 14,400 च्या जागी 450 विनंत्या होतात. शिवाय सगळ्या स्थिती वाचत बसण्याऐवजी ज्या पेटीची स्थिती 24 तासांत बदललेली नाही तेवढ्याच लाल दाखवाव्यात.

तिसरी वाट खऱ्या अर्थाने खेपेची आहे, आणि ती बरेच जण पाहत नाहीत. काही कुरिअर कंपन्यांचा मागोव्याचा एपीआय एका विनंतीत अनेक एअरवे बिल नंबर, म्हणजे पार्सलांचे नंबर, स्वल्पविरामाने जोडून स्वीकारतो. ही सोय आणि तिची कमाल संख्या कुरिअरच्या तांत्रिक पुस्तिकेत पाहावी लागते. एका वेळी 50 नंबर चालत असतील तर 150 पार्सलांना तीन विनंत्या पुरतात, आणि दिवसातून तीनदा विचारले तर एकूण नऊ. ॲप्स स्क्रिप्टमधील `fetchAll` ही पद्धत म्हणजे ही खेप नव्हे, हे लक्षात ठेवावे. तिच्यामुळे विनंत्या समांतर जातात, वेळ वाचतो, पण कोट्यात त्या सुट्या सुट्याच मोजल्या जातात.

वेबहुकचा, म्हणजे स्थिती बदलली की कुरिअरनेच आपल्याला कळवण्याचा, सल्ला सरसकट दिला जातो. तो ॲप्स स्क्रिप्टसाठी योग्य आहे, कारण आत येणारी सूचना बाहेरच्या विनंत्यांच्या कोट्यात धरली जात नाही. मेकवर तो तपासून घ्यावा. एका पेटीचे वाटेत नऊ स्कॅन झाले तर नऊ सूचना येतात, आणि 1,500 पेट्यांच्या 13,500. दिवसातून तीनदा एकेक पार्सल विचारण्याचा महिन्याचा आकडाही 450 गुणिले 30 म्हणजे 13,500 च येतो. शिवाय एखादी सूचना हरवली तर ते कळायला मार्ग नसतो, म्हणून वेबहुक घेतला तरी रात्री एकदा सगळ्या खुल्या पार्सलांची खेपेने तपासणी ठेवावी. माझे मत विचाराल तर एवढ्या आकाराच्या धंद्याला दिवसातून तीन खेपा पुरेशा आहेत आणि वेबहुकच्या भानगडीत पडू नये.

व्हॉट्सॲप: थांबण्याचे पैसे पडतात

मागोव्यात जे तर्कशास्त्र चालले ते व्हॉट्सॲपला लावले तर नुकसान होते. येथे मीटर पोचलेला संदेश मोजते. पन्नास ग्राहकांचे संदेश एकत्र सोडले काय किंवा दिवसभर एकेक सोडले काय, पन्नासच मोजले जातात. पण त्याशिवाय एक 24 तासांची खिडकी आहे. ग्राहकाने आपल्याला संदेश पाठवला की ती उघडते, आणि ती उघडी असेपर्यंत ऑर्डरची पोच, पार्सल निघाल्याची सूचना असे युटिलिटी प्रकारातले टेम्प्लेट, म्हणजे आधी मंजूर करून घेतलेले साचेबद्ध संदेश, फुकट जातात. खिडकी बंद झाल्यावर तोच संदेश सशुल्क होतो. दिवसभराच्या पोच गोळा करून दुसऱ्या दिवशी सकाळी एकत्र पाठवण्याची योजना केली तर आदल्या दिवशी सकाळी ऑर्डर देणाऱ्यांची खिडकी तोवर बंद झालेली असेल.

म्हणून येथे उलट करावे. ऑर्डरची पोच लगेच जावी, आणि पेटी चोवीस तासांच्या आत निघत असेल तर निघाल्याची सूचनाही त्याच खिडकीत बसवावी. ऑर्डर संकेतस्थळावरील फॉर्मवरून येत असतील तर खिडकी उघडतच नाही. फॉर्मच्या शेवटी ग्राहकाने आपल्याला व्हॉट्सॲपवर एक संदेश पाठवावा अशी wa.me ची लिंक ठेवली तर ती उघडते.

तरीही पैशाची मापे पाहून निर्णय घ्यावा. जुलै 2025 च्या दरपत्रकात भारतासाठी युटिलिटी संदेश 11.5 पैसे आणि मार्केटिंग संदेश सुमारे 78 पैसे होता. त्यावर मधल्या सेवादात्याचे शुल्क आणि कर वेगळे. प्रत्येक ऑर्डरला पाच युटिलिटी संदेश, तेही सगळे खिडकीबाहेर, धरले तर 1,500 ऑर्डरींचे साधारण 863 रुपये होतात. त्याच 1,500 ग्राहकांना मोसम संपताना ‘पुढच्या वर्षी आगाऊ नोंदणी करा’ असा एकच मार्केटिंग संदेश पाठवला तर 1,177 रुपये होतात. चार हजार जुन्या नंबरांना पाडव्याची जाहिरात पाठवली तर तीन हजारांच्या वर. काटकसर करायची ती जाहिरातीच्या यादीत करावी: गेल्या दोन मोसमांत ज्यांनी काहीच घेतले नाही ते नंबर वगळावेत. पोचेच्या संदेशांत काटकसर करून शे-दोनशे रुपये वाचतात आणि त्या बदल्यात ‘पेटी निघाली का?’ असे फोन दिवसभर घ्यावे लागतात.

पाचांपैकी दोन संदेश मात्र मी निःसंकोच बंद करीन. ‘पार्सल अमुक केंद्रावर पोचले’ हा ग्राहकाच्या कामाचा नाही. आंबा अढीत कसा ठेवावा, कधी कापावा या सूचनांचा वेगळा संदेशही नको. त्या पेटीत छापील चिठ्ठीवर जाव्यात किंवा निघाल्याच्या संदेशातच दोन ओळींत याव्यात. ‘आज पेटी पोचेल’ हा संदेश टिकवावा, कारण दार उघडायला कोणी घरी नसेल तर पेटी परत गोदामात जाते.

संदेश जोडताना एक सावधगिरी हवी. निघाल्याच्या सूचनेत ‘पुढच्या पेटीवर सवलत’ अशी ओळ घातली तर मेटा त्या टेम्प्लेटला मार्केटिंगच्या गटात टाकते आणि दर जवळपास सातपट होतो. बिल अचानक फुगले आणि संदेशांची संख्या तीच असली, तर व्हॉट्सॲप मॅनेजरमध्ये टेम्प्लेटचा गट बदलला आहे का, हे आधी पाहावे.

स्वतःची गाडी असेल तर: वर्गाचे गणित

काही बागायतदार ठाणे, मुलुंड, पवई या भागात स्वतःचा टेम्पो पाठवून घरपोच वाटप करतात आणि कोणत्या क्रमाने जायचे हे ठरवण्यासाठी गुगलच्या अंतर-तक्त्याचा एपीआय वापरतात. भारतात बिलिंग पत्ता असलेल्या ग्राहकांना गुगल मॅप्सच्या नव्या रचनेत प्रत्येक सेवेला महिन्याला मोफत मर्यादा मिळते: साध्या स्तरात 70,000, प्रो स्तरात 35,000 आणि एंटरप्राइज स्तरात 7,000. पूर्वीच्या 200 डॉलरच्या सुटीत एका सेवेतली बचत दुसरीकडे वापरता येत होती, आता येत नाही.

येथे मीटर विनंती मोजत नाही, तक्त्यातली घरे मोजते. चाळीस थांबे आणि एक गोदाम मिळून 41 ठिकाणे. प्रत्येकापासून प्रत्येकापर्यंतचे अंतर मागितले तर 41 गुणिले 41 म्हणजे 1,681 घरे. एका विनंतीत 625 घरांपर्यंतच मागता येतात म्हणून ती तीन-चार विनंत्यांत विभागावी लागते, पण त्याने बिल बदलत नाही. दर तासाला नव्याने आखणी केली आणि दिवसात दहा वेळा केली तर 16,810 घरे; साध्या स्तराची मोफत मर्यादा पाचव्या दिवशी संपते. रहदारी धरून वेळ मागितला तर तोच एपीआय प्रो स्तरात जातो आणि मर्यादा तिसऱ्या दिवशीच संपते.

दिवसातून एकदाच आखणी केली आणि महिन्यात 26 दिवस गाडी गेली तर 43,706 घरे होतात. साध्या स्तरात ती बसतात, प्रोमध्ये बसत नाहीत. येथे खेप करण्याचा उपयोग नाही, फोड करण्याचा आहे. पिनकोडवरून थांब्यांचे आधीच तीन गट पाडले, म्हणजे ठाण्याचे 400601 वगैरे एकीकडे, मुलुंडचे 400080 एकीकडे, पवईचे 400076 एकीकडे, आणि गटांत 13, 13 व 14 थांबे आले, तर गोदाम धरून 196, 196 आणि 225 अशी 617 घरे होतात. महिन्याची 16,042, रहदारीसह प्रो स्तरातही निम्म्याच्या आत. मुलुंडमधल्या एका घरापासून पवईतल्या प्रत्येक घरापर्यंतचे अंतर माहीत असण्याची टेम्पोचालकाला गरजच नव्हती.

याच ओघात आणखी एक काम पूर्ण बंद करता येते. प्रत्येक पत्त्याचे अक्षांश-रेखांश काढणारा जिओकोडिंगचा टप्पा अनेकांनी ‘तेथे कुरिअर जाते का’ एवढे पाहण्यासाठी लावलेला असतो. कुरिअरची सेवा-यादी पिनकोडवर असते, ग्राहक पिनकोड देतोच, आणि देशभरातील पिनकोडांची यादी data.gov.in वर मोफत मिळते. शीटमध्ये ती एकदा ठेवली की VLOOKUP पुरते. टेम्पोसाठी मात्र अक्षांश-रेखांश लागतात, तेवढ्याच पत्त्यांसाठी ते काढावेत.

वरचा प्लॅन केव्हा घ्यावा

वरील कपात करूनही जोडणी-सेवेची मर्यादा पुरत नसेल तर पैसे भरावेत, पण वर्षाचे भरू नयेत. वार्षिक प्लॅनवर सवलत दिसते. ती तीस टक्के धरली आणि मोसम मार्च ते मे असेल तर बारा महिन्यांचे सत्तर टक्के म्हणजे जवळपास साडेआठ महिन्यांचे पैसे होतात, आणि वापर तीन महिन्यांचा. मासिक प्लॅन महाग दिसला तरी येथे स्वस्त पडतो. होमस्टेही चालवणाऱ्यांचे गणित वेगळे आहे, कारण त्यांच्या चौकश्या दिवाळी आणि नाताळातही येतात.

प्लॅन कोणताही असो, मर्यादा संपल्यावर काय होते हे आधी वाचून ठेवावे. ॲप्स स्क्रिप्ट थांबते. काही जोडणी-सेवा काम थांबवायचे की जादा दराने चालू ठेवायचे, याची निवड सेटिंगमध्ये देतात. ऑर्डरच्या प्रवाहाला चालू ठेवण्याची आणि बाकी सगळ्याला थांबवण्याची निवड करता यावी म्हणून दोन्ही वेगळ्या खात्यांत असलेली बरी. गुगल क्लाउडवर बजेटचा इशारा लावून अनेक जण निर्धास्त होतात, पण तो इशारा केवळ ईमेल पाठवतो, बिल थांबवत नाही. बिल थांबवायचे असेल तर Quotas पानावर त्या एपीआयची रोजची कमाल संख्या आपणच खाली आणावी लागते. वरच्या टेम्पोच्या उदाहरणात दिवसाला 617 घरे लागतात, तर ती संख्या 1,250 वर ठेवावी: एखाद्या दिवशी दुसऱ्यांदा आखणी करता येईल, आणि स्क्रिप्ट रात्रभर फिरत राहिली तरी महिन्याचा आकडा 38,750 च्या वर जाणार नाही.